विषय: प्रबंधाचं लांबलेलं काम आणि सुधारित वेळापत्रक – तुमचा निर्णय हवा आहे

आदरणीय सर,

डिसेंबरअखेर प्रबंध सादर करायचं आपलं ठरलं होतं. ते माझ्याकडून होणार नाही. आता जो हिशेब मांडला आहे त्यात ३१ मे ही तारीख निघते, म्हणजे पाच महिने उशीर. मेल लांबला आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. खालचे तपशील सवडीने वाचलेत तरी चालेल. फक्त ३५ अंशांच्या संचाबद्दलचा प्रश्न या आठवड्यात सुटला तर बरं होईल.

आधी प्रयोगाचं. १५ आणि २५ अंशांचे दोन्ही संच ९ जुलैला १८० दिवस पूर्ण करून थांबवले. त्यांचं टायट्रेशन, ब्लँकची वजावट, सगळं झालं आहे आणि आकडे स्वच्छ आहेत. ३५ अंशांच्या इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट बिघडल्याचं तुम्हाला मे महिन्यातच सांगितलं होतं, पण त्याने नेमकं किती नुकसान झालं ते मी सांगितलं नव्हतं. 'दुरुस्ती झाली की पुढे चालू करू' एवढंच म्हणत राहिले. वस्तुस्थिती अशी की बाहेरच्या पडद्यावर ३५.० दिसत होतं आणि आत ठेवलेला काचेचा थर्मामीटर ४१ दाखवत होता. दार उघडलं की गरम झोत तोंडावर यायचा, पण ३५ अंशांनाही तो थोडा येतोच, त्यामुळे शंका आली नाही.

शंका यायला हवी होती ती वजनांवरून. ओलावा जलधारण क्षमतेच्या ६० टक्क्यांवर ठेवण्यासाठी आपण दर आठवड्याला जार तोलून पाणी भरतो. जुनी नोंदवही पुन्हा काढली तेव्हा दिसलं की साधारण चाळिसाव्या दिवसापासून ३५ अंशांचे जार नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट हलके भरत होते, म्हणजे घट दुप्पट होती. मी ती झाकणांच्या रबरावर ढकलली, रबर बदलले आणि पाणी भरत राहिले. तापमान नक्की कधी सरकायला लागलं हे आता कशानेच सिद्ध करता येणार नाही, कारण आत स्वतंत्र लॉगर नव्हता. म्हणून त्या संचातले चाळिसाव्या दिवसानंतरचे आकडे मी विश्लेषणातून पूर्ण बाद धरते आहे. 'दुरुस्ती गुणांक' लावून ते वाचवता येतील का, यावर मी जूनचे दोन आठवडे घालवले. येत नाहीत. ओलावा आणि तापमान दोन्ही एकदम हललेत, तिथे कोणता परिणाम कशाचा हे वेगळं काढता येत नाही.

थर्मोस्टॅट बदलून आल्यावर, दहा दिवसांच्या प्री-इन्क्युबेशननंतर, २१ जुलैला नवा ३५ अंशांचा संच सुरू केला. माती त्याच लॉटमधली, हवेत वाळवून ठेवलेली. साठवणुकीचा काळ वाढल्यामुळे फरक पडला असेल तर तो कळावा म्हणून सोबत २५ अंशांवरही तीन जार नव्याने लावलेत. पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे हातात आहेत. नवे २५ चे जार जुन्या २५ शी जुळतात, आणि नवा ३५ जुन्या ३५ च्या निर्दोष भागाशी. तीन आठवड्यांवरून फार बोलू नये, पण एवढं जुळलं नसतं तर हा मेल वेगळा लिहावा लागला असता. या वेळी अल्कली ट्रॅप पहिल्या आठवड्यात रोज बदलले. मागच्या वेळी दोन दिवसांआड बदलत होते, आणि दोन-तीन जारमध्ये टायट्रेशनला आम्ल इतकं कमी लागलं होतं की गुलाबी रंग पहिल्या काही थेंबांतच उडाला. म्हणजे ट्रॅप भरत आला होता आणि पुढचा कार्बन डायऑक्साइड मोजलाच जात नसावा. ही त्रुटी पद्धतीच्या प्रकरणात लिहिणार आहे.

आता ज्यावर तुमचं मत हवं ते. नवा संच १८० दिवस चालवला तर तो १७ जानेवारीला संपतो. विश्लेषण त्यानंतर, लेखन त्यानंतर, म्हणजे मेसुद्धा हुकतो. माझा प्रस्ताव असा की प्रबंधासाठी ३५ अंशांचा संच १२० दिवसांवर, म्हणजे १८ नोव्हेंबरला, मोजायचा. हे वेळ वाचवण्यासाठी केलेलं काटछाटीचं काम वाटू नये म्हणून कारण देते. आपण क्यू-टेन समान दिवसांच्या तुलनेवर काढायचं ठरवलं होतं. त्याऐवजी समान कार्बनच्या तुलनेवर काढता येतो: ठरावीक प्रमाणात कार्बन श्वसनातून जायला कुठल्या तापमानाला किती दिवस लागले, त्या दिवसांचं गुणोत्तर. क्यू-टेन २ धरला तर १५ अंशांना १८० दिवसांत जेवढा कार्बन जातो तेवढा ३५ ला ४५ दिवसांत जातो. तो दीडइतका कमी निघाला तरी ८० दिवस पुरतात. म्हणजे १२० दिवसांत भरपूर वाव राहतो. शिवाय या पद्धतीत दोन्ही तापमानांना मातीतला सारख्याच प्रतीचा कार्बन तुलनेत येतो. समान दिवस घेतले की ३५ अंशांच्या मातीत चटकन कुजणारा भाग आधीच संपलेला असतो आणि तुलना तिरकी होते. खरं सांगायचं तर बिघाड झाला नसता तरी ही पद्धत आपण आधीपासून घ्यायला हवी होती, असं आता वाटतं.

यात एक गोष्ट हातची जाते. दोन-साठ्यांच्या मॉडेलमध्ये संथ साठ्याचा दर १२० दिवसांवर नीट बसणार नाही, त्याची त्रुटीमर्यादा रुंद येईल. १५ आणि २५ साठी तो १८० दिवसांवरून देता येईल, ३५ साठी 'अंदाजे' म्हणूनच द्यावा लागेल. जार मी १७ जानेवारीपर्यंत चालू ठेवीन, पुढचे आकडे शोधनिबंधात वापरता येतील. पण प्रबंध त्यांच्यासाठी थांबवायचा नाही, अशी माझी विनंती आहे.

पुन्हा बिघाड झाला तर? आत आता स्वतंत्र लॉगर आहे, शिवाय किमान-कमाल थर्मामीटर, आणि दोन्हींची नोंद रोज सकाळी होते. ९ ऑक्टोबरला ८० दिवस भरतात. त्यानंतर काही झालं तरी किमान गरजेचे आकडे हातात असतील. त्याआधी झालं तर तिसऱ्यांदा सुरुवात करायची नाही. १५ आणि २५ अशा दोन तापमानांवर प्रबंध पूर्ण करायचा आणि शीर्षक त्या मानाने आवरतं घ्यायचं. हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं, तेव्हा ठरवायला बसलो तर मन होणार नाही.

लेखनाचं सांगते. हे इन्क्युबेटरवर ढकलता येणार नाही. मागच्या सहामाही अहवालात साहित्य आढावा '७० टक्के पूर्ण' असं लिहिलं होतं. तो आकडा टिपणांचा होता, प्रकरणाचा नव्हता. वाचलेल्या लेखांच्या नोंदी भरपूर आहेत, पण सलग वाचता येईल असा मजकूर जेमतेम आठ पानं. पद्धतीचं प्रकरण जवळपास झालं आहे. निकालांचं सुरू नाही. तुम्ही दोनदा 'जे आहे ते पाठव' म्हणालात आणि मी 'थोडं नीट करून देते' म्हणत टाळलं, कारण नीट करण्याजोगं काही नव्हतंच.

पद्धतीचं प्रकरण, चौदा पानांचं, लिहायला मला टायट्रेशन सांभाळून सहा आठवडे लागले. वेळापत्रक त्या वेगावर बेतलं आहे, उमेदीवर नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे प्रात्यक्षिकं आहेत, तेही धरलं आहे.

३१ ऑगस्ट: पद्धतीचं प्रकरण तुमच्याकडे, ट्रॅपच्या त्रुटीसह.
१५ ऑक्टोबर: १५ आणि २५ अंशांचे निकाल, आलेख आणि मजकूर. चर्चा यात नसेल.
१८ नोव्हेंबर: ३५ अंशांचं १२० व्या दिवसाचं टायट्रेशन.
२० डिसेंबर: ३५ चे निकाल आणि क्यू-टेनची तुलना. मॉडेल बसवताना सुरुवातीच्या अंदाजांवरून अडकतं हा मागचा अनुभव आहे, म्हणून या टप्प्याला महिना ठेवला.
३१ जानेवारी: साहित्य आढावा. तो मुद्दाम निकालांनंतर ठेवला आहे. आधी लिहायला घेतला की सगळ्याच विषयांवर लिहावंसं वाटतं, आणि तिथेच मी वर्षभर अडकले.
२८ फेब्रुवारी: चर्चा आणि प्रस्तावना.
१५ मार्च: पूर्ण मसुदा तुमच्याकडे. तुम्हाला वाचायला चार आठवडे धरलेत, ते कमी वाटत असतील तर सांगा.
एप्रिलअखेर: सिनॉप्सिस आणि समितीपुढचं सादरीकरण.
३१ मे: सादर.

मे महिन्यात दोन आठवडे रिकामे आहेत, ते मुद्दाम ठेवलेत. ते कुठेतरी खर्च होतीलच. एखादी तारीख हुकणार असं दिसलं तर मी तुम्हाला आठवडाभर आधी कळवीन. यापुढे दर दुसऱ्या शुक्रवारी, काम झालेलं असो वा नसो, त्या पंधरवड्यात लिहिलेली पानं जशीच्या तशी पाठवीन. टक्के लिहिणार नाही.

फेलोशिप ३१ जानेवारीला संपते. मुदतवाढीच्या अर्जावर तुमची शिफारस लागते आणि सोबत समितीला सुधारित वेळापत्रक द्यावं लागतं. ते मी वरच्या तारखांवरूनच भरीन, पण तुम्ही बदल सुचवल्यावरच. मुदतवाढ मिळाली नाही तर फेब्रुवारीपासून मला अर्धवेळ काम धरावं लागेल, आणि मग शेवटचे तीन टप्पे साधारण दीड महिन्याने पुढे जातील. ही शक्यता आधीच कानावर घालते.

पद्धतीच्या प्रकरणाचा आजचा मसुदा, नव्या संचाच्या तीन आठवड्यांचा आलेख (जुन्या संचावर ठेवून) आणि आढाव्याची ती आठ पानं सोबत जोडली आहेत. आठ पानं कच्ची आहेत, तिसऱ्या पानानंतर परिच्छेदांचा क्रमही लागलेला नाही. तरी पाठवते आहे.

गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी अर्धा तास मिळाला तर मी येऊन भेटते. नोंदवही आणि लॉगरचे आकडे सोबत आणीन. १२० दिवसांबद्दल तुमचा नकार असेल तर तो तेव्हाच कळला तरी चालेल, पण होकार असेल तर मेलवर एका ओळीत कळवा, म्हणजे नोव्हेंबरच्या टायट्रेशनसाठी रसायनांची मागणी याच आठवड्यात टाकता येईल.

आपली,
मृणाल