विषय : १५ मिनिटांच्या भेटीची विनंती (८ किंवा १० सप्टेंबर) – ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. आपली-माझी ओळख नाही. गाळप परवान्यांची धावपळ तोंडावर आहे हे ठाऊक आहे, म्हणून १५ मिनिटेच मागते.

आमच्या पटावर ४१ मुले आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते निघाले की त्यातली निम्म्याहून अधिक आईबापांबरोबर जातात. जाताना आम्ही त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवून मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत बसता येते. अडते ते याच्या पुढे. टोळी कुठल्या कारखान्याला गेली हे शाळेला कळतच नाही. मुकादमाने उचल कुठून घेतली, हे तो मास्तरांना कशाला सांगेल? पालकांनाही पुष्कळदा गाडी भरल्यावरच समजते. तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन करावा, तर कोणत्या गावी करावा?

ही माहिती कारखान्याकडे मुकादमाशी करार होतानाच येते. त्यातले दोनच रकाने, टोळीचे गाव आणि कोयत्यांची संख्या, मोळी टाकण्याआधी दोन्हीकडच्या जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना मिळाले, तर मुले शोधत फिरावे लागणार नाही. मजुरांची नावे नकोत, उचलीचे आकडे तर नकोतच. कारखान्यांना तसे पत्र आपल्या कार्यालयातून जाऊ शकेल का, आणि ते आपल्या अखत्यारीत नसेल तर कोणाचे दार ठोठवावे, एवढेच विचारायचे आहे. निधीची मागणी नाही. शिष्टमंडळ, हारतुरे, फोटो यातलेही काही नाही. मी एकटीच येईन.

पुढीलपैकी आपल्याला सोयीची वेळ कळवावी :

मंगळवार, ८ सप्टेंबर – सकाळी १०.१५ ते १०.३०
गुरुवार, १० सप्टेंबर – सायंकाळी ५.१५ ते ५.३०

उत्तरात नुसते 'मंगळवार' किंवा 'गुरुवार' लिहिले तरी पुरे. रजेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून ठेवले आहे, पण शाळेवर आम्ही दोघेच शिक्षक असल्याने शुक्रवार, ४ सप्टेंबरपर्यंत कळले तर बरे होईल. ऐनवेळी बैठक लागून भेट मागे-पुढे झाली, तर मी बाहेर थांबेन. दोन्ही दिवस जमणारे नसतील, तर हा विषय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव कळवावे. मी त्यांना भेटेन.

सोबत एक पान जोडले आहे. त्यात गेल्या हंगामात आमच्या केंद्रातल्या कोणत्या शाळेतून किती मुले गेली आणि त्यातली किती तिकडे शाळेत बसली, याचा तक्ता आहे. भेटीआधी तेवढे नजरेखालून गेले, तर माझी प्रस्तावना वाचेल.

आपली विश्वासू,
सुनंदा जाधव
सहशिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
ता. पाटोदा, जि. बीड