बाबांसाठी: ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून लावा

बाबा,

रात्री दूध-बिस्किटांवर भागवू नका. हे पाच पदार्थ एका शेगडीवर होतात. माप तुमच्या एकट्यापुरतं, वाटी आमटीची.

आधी शेगडी. इंडक्शनवर जाळ दिसत नाही, पण भांडं झटकन तापतं. फोडणीला ८०० वॉटच्या वर जायचं नाही, तेल लगेच धुरावतं. ॲल्युमिनियमची जुनी कढई त्यावर तापणार नाही. चालणारी तिन्ही भांडी खालच्या फळीवर ठेवली आहेत: छोटा स्टीलचा कुकर, कढई, पातेलं.

मुगाची खिचडी: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ धुऊन घ्या. कुकरमध्येच चमचाभर तुपात जिरं, हिंग, हळद. त्यात डाळ-तांदूळ परतून तीन वाट्या पाणी, मीठ. १२०० वर पहिली शिट्टी झाली की ६०० करा, आणखी दोन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या, झाकण ओढायचं नाही. पोट बिघडलं तर हीच खा.

पिठलं-भात: भात आधी लावा. कुकर उतरवून बाजूला ठेवला की भात गरम राहतो आणि शेगडी मोकळी होते. पाव वाटी बेसन सव्वा वाटी गार पाण्यात कालवा, गुठळी बोटांनी मोडा. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, मग ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मीठ आणि कालवलेलं पीठ. आता ४०० वर आणा आणि हात थांबवू नका. घट्ट झालं की झाकून पाच मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे, चकाकी आली की झालं. आई वरून कच्चं तेल घालायची, तुम्ही थोडंच घाला.

कांदेपोहे: जाडे पोहे दीड वाटी, चाळणीत धुऊन निथळू द्या. भिजत ठेवलेत तर लगदा होतो. फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे. पोहे घालून झाकून दोन मिनिटं वाफ, मग लिंबू.

अंडाभुर्जी: कांदा-टोमॅटो परतून दोन अंडी फोडा, ढवळत राहा. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील त्या दिवशी करा.

दहीभात: उरलेला भात फ्रीजमधलाच असू दे, बाहेर रात्रभर राहिलेला नको. तो आधी गरम करा, कोमट झाला की दही, मीठ, वरून जिऱ्याची फोडणी.

स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण बंद करा, पण तिच्या आतल्या पंख्याचा आवाज थांबेपर्यंत प्लग काढू नका. काच भांड्याच्या उष्णतेने तापलेली असते, लगेच ओला फडका लावू नका.

हिंगाची डबी मसाल्याच्या डब्यामागे आहे. काही अडलं तर फोन करा, मी कामात असले तरी उचलेन.

तुमची,
मनू