असाइनमेंट 2: गॅलापागोस बेटांवरील वनस्पती, क्षेत्रफळ आणि घातांक z

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, सत्र 2, जीवभूगोल. नागपूर.

प्रश्न. दिलेल्या 12 बेटांसाठी S = cA^z हे समीकरण बसवा आणि z चा अर्थ स्पष्ट करा.

माहिती आणि पद्धत. वनस्पतींच्या प्रजातींची संख्या (S) आणि चौ. किमी.मधील क्षेत्रफळ (A) हे आकडे जॉन्सन आणि रेव्हन यांच्या 1973 च्या गॅलापागोस अभ्यासातले आहेत. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की समीकरण log S = log c + z log A असं सरळ रेषेचं होतं, आणि त्या रेषेचा चढ म्हणजेच z.

```r
A <- c(4669.32, 903.82, 634.49, 551.62, 170.92, 129.49,
       58.27, 24.08, 17.35, 4.89, 2.85, 2.33)
S <- c(347, 444, 93, 280, 285, 51, 97, 62, 40, 70, 21, 10)
m <- lm(log10(S) ~ log10(A))
summary(m); confint(m)
```

क्रम असा: इसाबेला, सांताक्रूझ, फर्नांदिना, सान क्रिस्तोबाल, फ्लोरेआना, मार्चेना, एस्पान्योला, सांता फे, जेनोवेसा, राबिदा, वुल्फ, डार्विन.

लॉग घेऊन रेषा बसवताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: चूक गुणाकाराच्या स्वरूपात असते. म्हणजे 20 प्रजातींच्या बेटावर 10 चा फरक आणि 400 च्या बेटावर 200 चा फरक सारख्याच वजनाचे. प्रजातींच्या मोजणीला हे गृहीतक मला पटतं. एरवी इसाबेला आणि सांताक्रूझ ही दोन बेटंच सगळी रेषा आपल्याकडे ओढतील.

निकाल. z = 0.41, c = 15.1, R² = 0.74. z चं 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.24 ते 0.58.

c बद्दल एवढंच की तो 1 चौ. किमी.च्या बेटावरचा अंदाज आहे. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये घेतलं तर c बदलतो, z तोच राहतो. म्हणून तुलना z चीच करायची.

z चा अर्थ. क्षेत्रफळ दुप्पट झालं की प्रजाती 2^0.41 पट, म्हणजे साधारण 33 टक्क्यांनी वाढतात. दहापट झालं तर सुमारे अडीच पट. प्रेस्टन यांनी 1962 मध्ये सैद्धांतिक गणिताने z = 0.262 काढला होता. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी 1967 मध्ये बेटांसाठी साधारण 0.20 ते 0.35 आणि सलग भूभागातल्या तुकड्यांसाठी 0.12 ते 0.17 अशी मर्यादा दिली. भूभागावर z कमी का, तर छोट्या तुकड्यात टिकू न शकणाऱ्या प्रजातीही शेजारून येत राहतात आणि मोजल्या जातात. समुद्रातल्या छोट्या बेटाला तो पुरवठा नसतो. तिथं एकदा संपलेली प्रजाती बहुधा संपलेलीच राहते, त्यामुळे लहान बेटं जास्तच रिकामी दिसतात आणि रेषा उभी होते.

त्या हिशोबाने आमचा 0.41 जास्त वाटतो. पण इंटरव्हलमध्ये 0.262 सुद्धा बसतो, तेव्हा 'गॅलापागोसचा z प्रेस्टनपेक्षा वेगळा' असं या 12 बिंदूंवरून म्हणता येत नाही. आणि हा आकडा कुठून येतो तेही पाहायला हवं. डार्विन आणि वुल्फ ही दोन बेटं या यादीत सर्वांत लहान आहेतच, शिवाय मुख्य समूहापासून दूर वायव्येला आहेत. ती वगळून पुन्हा रेषा बसवली तर z 0.32 वर येतो (R² 0.57). म्हणजे 0.41 मध्ये क्षेत्रफळाबरोबर अंतराचाही वाटा मिसळलेला आहे. निदान या यादीत तरी ते दोन वेगळे करता येत नाहीत.

रेषेपासून दूर राहिलेली बेटं. मला सर्वांत बोलकी वाटली ती हीच. रेषा फर्नांदिनाला सुमारे 211 प्रजाती देते, प्रत्यक्षात 93. हे बेट म्हणजे एक जागृत ज्वालामुखी, उघड्या लाव्हाचं. क्षेत्रफळ मोठं, पण मुळं धरायला माती थोडी. मार्चेनाही लाव्हाचंच: अंदाज 110, प्रत्यक्षात 51. उलट फ्लोरेआनावर अंदाज 124 आणि प्रत्यक्षात 285. तिथं उंचीवर ओलसर भाग आहे, त्यामुळे एकाच बेटावर कोरडा आणि दमट असे दोन्ही अधिवास मिळतात. राबिदा तर केवळ 4.89 चौ. किमी., तरी 70 प्रजाती, आणि शेजारी मोठं सांतियागो बेट. A च्या आड अधिवासांची विविधता, बेटाचं वय आणि शेजार असं सगळं लपलेलं असतं.

नागपूरला हा z लावावा का? क्षेत्रफळ निम्मं झालं की 0.5^0.41 = 0.75, म्हणजे 25 टक्के प्रजाती गेल्या, असं गणित गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सच्या जंगलाला लावायचा मोह होतो. माझ्या मते ते चुकीचं ठरेल. या जंगलांभोवती समुद्र नाही. वस्ती, शेतं, रस्ते आहेत. काही पक्षी आणि बिया ते सहज ओलांडतात, बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांना ते जड जातं. म्हणजे एकाच तुकड्यात गटागणिक z वेगळा निघेल. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी खालून वाटा काढल्या आहेत; तशा जोडण्यांनी तुकड्यांमधला तुटकपणा कमी होतो आणि z खाली यायला हवा. हे तपासायचं तर आधी विदर्भातल्या लहानमोठ्या तुकड्यांवर एकाच गटाची, एकाच पद्धतीने मोजणी लागेल, आणि प्रत्येक तुकड्याचं जवळच्या मोठ्या जंगलापासूनचं अंतर log A शेजारी दुसरं चल म्हणून घालावं लागेल.