म्हापसा शहर उष्णता कृती आराखडा: पालिका मंडळापुढे ठेवायचा मसुदा

अंमलाचा काळ: दरवर्षी १५ फेब्रुवारीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत

१. आपला उकाडा

मे २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये शहराचा उष्णता आराखडा केला. पुढे बऱ्याच शहरांनी त्याचाच कित्ता गिरवला. आम्हीही तो वाचला, पण जसाच्या तसा उचलला नाही. तिथली ऊन्हं भाजणारी, आपली उकडणारी. घाम सुकला तर अंग निवतं. आपल्या दमट हवेत तो सुकत नाही, नुसता वाहतो. पारा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर अंगाला जाणवणारी उष्णता ४६ अंशांच्या आसपास जाते. आणि पेपरात मात्र छापून येतं, ‘कमाल तापमान ३४’.

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर पारा ३७ किंवा वर, आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त असेल, तर उष्णतेची लाट. ‘लाट जाहीर झाली की कामाला लागू’ असं ठरवलं, तर एप्रिल-मे हातावर हात ठेवूनच जाईल. उलट फेब्रुवारी-मार्चात पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रवारा उशिरा पोचतो आणि पारा अचानक चढतो. मार्च २०२३ मध्ये अशाच इशाऱ्यामुळे राज्यातल्या शाळा दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या. म्हणून हा आराखडा शिमग्याच्याही आधी सुरू होतो, आणि लाटेच्या घोषणेची वाट पाहत नाही.

२. इशारा कोण, कधी, कसा देणार

पालिकेच्या कचेरीत आणि मार्केटात सावलीत एकेक थर्मामीटर व आर्द्रतामापक लावायचा. सकाळी ८, दुपारी १२ व ३ ची नोंद आरोग्य निरीक्षक वहीत करील. दुपारी साडेचारला हवामान खात्याचा अंदाज पाहून मुख्याधिकारी दुसऱ्या दिवसाचा टप्पा ठरवतील. ते रजेवर किंवा पणजीला बैठकीत असतील, तर सही आरोग्य निरीक्षकाची चालेल. हे स्पष्ट लिहिलंय, कारण आपल्याकडे कागद तयार असतो आणि सही अडकते.

पिवळा टप्पा: ३४ अंश किंवा वर आणि दुपारची आर्द्रता ६५ टक्क्यांहून जास्त, किंवा सलग दोन रात्री पारा २७ च्या खाली न उतरणं. रात्रीचा निकष आम्ही मुद्दाम घातला. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर म्हाताऱ्या माणसाचं हृदय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थकतं.

नारिंगी टप्पा: ३६ अंश, किंवा पिवळा टप्पा सलग तीन दिवस, किंवा हवामान खात्याचा पिवळा इशारा.

तांबडा टप्पा: ३७ अंश, किंवा हवामान खात्याचा नारिंगी अथवा तांबडा इशारा. नारिंगी टप्प्यात चार तासांहून जास्त वीज गेली, तरी टप्पा आपोआप तांबडा होईल.

साडेपाचपर्यंत निरोप नगरसेवक, अंगणवाडी सेविका, नागरी आरोग्य केंद्र, पोलीस, वीज व पाणीपुरवठा खातं, रिक्षा-पायलट स्टँड आणि बांधकाम ठेकेदारांकडे जाईल. ठेकेदाराला संध्याकाळीच कळलं, तरच तो दुसऱ्या दिवशी कामगार लवकर आणू शकतो. सकाळी नवाला पोचलेला निरोप त्याला काही कामाचा नाही.

गाडीवरची घोषणा कोकणी, मराठी, हिंदी व कन्नडमध्ये होईल. मराठी मजकूर असा:

‘म्हापसेकरांनो, उद्या उकाडा त्रासदायक आहे. बारा ते चार उन्हातलं काम टाळा. तहान लागायची वाट पाहू नका, दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. शेजारी कोण म्हातारं, आजारी, एकटं असेल तर दार ठोठावून विचारा. कोणी बरळू लागलं, भोवळ येऊन पडलं, अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.’

३. विसावा केंद्रं

पालिका सभागृह, पालिकेचं वाचनालय, पेडे येथील क्रीडा संकुलाची एक खोली, आणि खोर्ली, कुचेली व करासवाडा इथे प्रत्येकी एक शाळा, अशी सहा केंद्रं ठरवली आहेत. नारिंगी टप्प्यापासून ११ ते ५ उघडी, तांबड्यात रात्री ९ पर्यंत. किल्ली कोणाकडे, हे दारावरच लिहायचं. प्रत्येक ठिकाणी पंखे, इन्व्हर्टर, माठ, क्षारसंजीवनीची पाकिटं, दोन खाटा आणि वापरण्याजोगा संडास असलाच पाहिजे. वातानुकूलन सभागृहात आहे, बाकी ठिकाणी वारा आणि ओलं फडकं. मे महिन्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा वाऱ्याची आणि झाडाची जागा आम्हाला एसीहून भरवशाची वाटते.

पण केंद्र उघडलं म्हणजे माणसं येतील, हा भ्रम आहे. पाहणीसाठी एका शुक्रवारी साडेबाराला आम्ही मार्केटात होतो. छत्रीखाली तांबड्या भाजीच्या जुड्या घेऊन एक बाई बसली होती. जुड्यांवर ओलं गोणपाट, आणि ते सुकलं की बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडत होती. स्वतः त्या बाटलीला तोंड लावत नव्हती. विसाव्याला सभागृहात जाल का, असं विचारलं, तर हसली. ‘हांव गेलें जाल्यार हें कोण पळयतलें?’ पाणी का पीत नाही, त्याचं उत्तर तिने आवाज उतरवून दिलं: संडास लांब आहे, आणि गेलं की गिऱ्हाईक जातं.

त्या एका उत्तराने आमचा पहिला मसुदा निकालात निघाला. नवी व्यवस्था अशी. शुक्रवारच्या बाजारात विसावा विक्रेत्यांकडे जाईल. ओळींवर चुडतांचे माटव घालायचे, दर वीस विक्रेत्यांमागे एक माठ ठेवायचा, आणि दोन फिरते मदतनीस अर्धा तास माल सांभाळतील. मार्केटातला बायकांचा संडास शुक्रवारी दिवसभर मोफत व स्वच्छ राहिला पाहिजे, त्यासाठी वेगळी सफाई कामगार. आमच्या मते पूर्ण आराखड्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खर्च हाच आहे. पुरुमेंताच्या खरेदीचे मे महिन्यातले शुक्रवार आणि मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताचा दिवस, यांना टप्पा कोणताही असो, नारिंगीचेच नियम लागू.

४. कामाच्या वेळा

दुपारी दुकान ओढून घेऊन अंमळ डोळा लावायला गोवेकराला शिकवायला नको. शिकवायचं आहे ते दुकानासमोर गटार खणून घेणाऱ्याला.

पालिकेचे सफाई कामगार नारिंगी टप्प्यापासून पहाटे साडेपाच ते साडेदहा काम करतील. उरलेलं काम संध्याकाळी पाचनंतर. कचऱ्याच्या गाडीत पाण्याचा कॅन नसेल तर गाडी निघणार नाही. पालिकेच्या ठेक्यांवर साडेसहा ते साडेअकरा आणि चार ते पावणेसात. तांबड्या टप्प्यात अकरा ते साडेचार उघड्यावर काम बंद, रोज कापायचा नाही. ही अट निविदेतच घालावी लागेल, नंतर विनंतीपत्र पाठवून काही होत नाही. खाजगी बांधकामांवर पालिकेचा थेट अधिकार तोकडा आहे. बांधकाम परवान्यात सावली, पाणी व संडास यांची अट घालावी आणि वेळांबाबत कामगार आयुक्तांना लिहावं. पहाटेच्या आवाजाची तक्रार शेजारी करतील. त्यांना आधीच कळवावं, आणि साडेसातपर्यंत काँक्रीट फोडण्यासारखं काम टाळावं.

परगावाहून नुकत्याच आलेल्या कामगाराला पहिला आठवडा हलकं काम द्यायचं. शरीराला उष्णता अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात आणि धोका पहिल्या दिवसांतच जास्त. एकट्याने काम करायचं नाही, जोडीनेच. हॉटेलांची स्वयंपाकघरं, इस्त्रीची दुकानं, वेल्डिंगची गॅरेजं यांनाही हेच सांगायचं. ऊन नसलं तरी आच आहेच.

शाळांबाबत निर्णय शिक्षण खात्याचा. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून पंखे व पिण्याचं पाणी यांची तपासणी मार्चअखेर व्हावी.

५. आधी कोणाकडे जायचं

प्रत्येक प्रभागाची एक यादी असेल. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या लाभार्थ्यांवरून सुरुवात करावी, म्हणजे ज्येष्ठ, दिव्यांग व एकट्या बायका बऱ्याचशा त्यात येतात. समाज कल्याण खात्याकडून ती रीतसर मागावी. ज्यांची नावं कोणत्याच यादीत नाहीत, ते शोधून भरायचे: पत्र्याच्या खोल्यांतली कामगार कुटुंबं, बसस्थानकावर झोपणारे, मुलं परदेशी असलेली मोठ्या घरांतली म्हातारी जोडपी. मोठं घर दिसलं की आपण काळजी करत नाही, ही चूक आहे. गरोदर बाया, तान्ही मुलं, डायलिसिसवरचे रुग्ण, मूत्र वाढवणाऱ्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या घेणारे यांच्या नावापुढे खूण. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं. यादी गुप्त राहील, व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही.

नारिंगीत रोज एक फोन, तांबड्यात फोन आणि भेट. भेटीला गेल्यावर ‘बरं आहे ना?’ एवढंच विचारून परतू नये. त्याला उत्तर ‘बरं’ असंच येतं. खिडकी उघडी आहे का, पंखा चालतो का, सकाळपासून लघवी किती वेळा झाली, इन्सुलिन कुठे ठेवलंय, हे पाहायचं. पेज, ताक, सोलकढी चालेल. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टर सांगेल तेच.

६. उष्माघात झाला तर

अंगाचं तापमान ४० अंशांवर आणि शुद्ध हरपत चालली, हा उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत व जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

बर्फ कुठून आणायचा, हा प्रश्न दुसऱ्या शहराला पडेल. आपलं मासळी मार्केट पहाटेपासून बर्फानेच चालतं. बर्फवाल्यांशी मार्चात करार करून तांबड्या टप्प्यात एक पेटी बाजूला ठेवून घ्यावी, फक्त बाहेरून लावायला. ती जिल्हा इस्पितळापर्यंत पोचवायची जबाबदारी मार्केट निरीक्षकाची. उन्हाळ्यातल्या प्रत्येक संशयित मृत्यूत शरीराचं तापमान नोंदवावं, अशी विनंती इस्पितळाला करावी. ते नोंदलं नाही, तर ‘हृदयविकार’ एवढाच शब्द कागदावर उरतो.

७. सावली आणि पाणी

पावसापूर्वीची फांद्यांची छाटणी एप्रिल-मेमध्येच होते, म्हणजे सावली सर्वांत हवी तेव्हा ती रस्त्यावर पडलेली असते. वीज खात्याने तारांना लागणाऱ्या फांद्याच तोडाव्यात, आणि मार्केट व बसस्थानकाकडची छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यावर न्यावी, असा ठराव मांडत आहोत. पत्र्याच्या वसाहतींना चुना फासायला सामान पालिका देईल, फासायचं रहिवाशांनी. पाणी बंद असेल त्या दिवशी टँकर आधी विसावा केंद्रांना आणि पत्र्याच्या वसाहतींना, हॉटेलांना नंतर. यावर बैठकीत वाद होईल, याची आम्हाला कल्पना आहे.

८. मंडळाने आज ठरवायचं

सहा केंद्रांना मंजुरी, निविदेतली वेळांची अट, शुक्रवारच्या माटवांचा व मदतनिसांचा खर्च, आणि मुख्याधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत सहीचा अधिकार. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बाराला मार्केटात रंगीत तालीम घ्यावी. नगरसेवकांनी त्या वेळी छत्रीशिवाय यावं.