सूचना: ऑफिसचे घरून काम आणि शिल्लक पगारी रजा

शॉप फ्लोअर, स्टोअर, ड्रायव्हर, सिक्युरिटी आणि कॅन्टीनमधील सर्वांसाठी
शिरोली एमआयडीसी, 8 डिसेंबर 2025

कामगार बंधू-भगिनींनो, नमस्कार.

1 जानेवारी 2026 पासून दोन नियम बदलत आहेत. ऑफिसमध्ये याचं इंग्रजी पत्रक फिरल्यापासून शॉपमध्ये बरीच उलटसुलट चर्चा चालू आहे. म्हणून तुमच्याशी संबंधित सगळं इथे लिहून देत आहोत.

पहिला नियम घरून काम करण्याचा. अकाउंट्स, खरेदी, डिझाइन आणि मनुष्यबळ विभागातल्या लोकांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल. भट्टी, मोल्डिंग, फेटलिंग, मशीन शॉप, गाडी, गेट आणि कॅन्टीन ही कामं घरून होत नाहीत, त्यामुळे तुमच्या पाळ्या आणि पगार आहे तसेच राहतील. स्टोअरकीपर, तपासनीस आणि सुपरवायझर यांना रिपोर्ट लिहिण्यासाठी महिन्यातून एक दिवस घरून काम मिळेल, पण त्यासाठी विभागप्रमुखांची आधी परवानगी हवी. त्या दिवशी पूर्ण हजेरी लागेल.

ऑफिसची माणसं घरी असली म्हणून तुमचं काम अडता कामा नये. पीएफ, ईएसआय, पगारचिठ्ठी आणि रजेसाठी मनुष्यबळ विभागाची खिडकी कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5:30 उघडी राहील आणि तिथे माणूस असेल. रात्रपाळीवाल्यांनी अर्ज गेटवर द्यावा. गार्ड सही-तारखेची पोच देईल, ती घेतल्याशिवाय जाऊ नका. "साहेब आज घरून काम करतायत, उद्या या" असं कोणी सांगितलं तर लगेच आम्हाला कळवा. सुरक्षा ट्रेनिंगचा व्हिडिओ घरी मोबाइलवर बघायला सांगितला, तर तो वेळ कामाचाच धरला जाईल.

आता पुराचं. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा कित्येकांना कामावर पोचणंच शक्य नव्हतं. अशा वेळी ऑफिसचा माणूस घरून काम करून हजेरी लावणार आणि चिखली-आंबेवाडीच्या कामगाराची रजा जाणार, हे आम्हाला पटलं नाही. म्हणून पुरामुळे प्रशासनाने तुमचा रस्ता बंद केला, तर वर्षाला 3 दिवसांपर्यंत विशेष पगारी सुट्टी मिळेल. ती तुमच्या पीएलमधून कापली जाणार नाही. त्या दिवशी फक्त सुपरवायझरला फोन करा. जीव धोक्यात घालून पाण्यातून गाडी काढू नका.

दुसरा नियम शिल्लक रजेचा. 20 दिवस कामाला 1 पीएल हा हिशोब तसाच आहे. वर्षाअखेरी उरलेली पीएल जास्तीत जास्त 30 दिवस पुढच्या वर्षात जाईल. नवीन गोष्ट अशी, की 30 च्या वरची रजा वाया जाणार नाही, तिचे पैसे जानेवारीच्या पगारात जमा होतील. सीएल मात्र पूर्वीप्रमाणेच 31 डिसेंबरला संपते, ती पुढे जात नाही.

समजा, गेल्या वर्षीची तुमची 24 पीएल शिल्लक होती. यंदा 280 दिवस काम झालं, म्हणजे 14 पीएल वाढल्या. एकूण 38. त्यातल्या 5 घेतल्या, उरल्या 33. यातल्या 30 पुढे जातील आणि 3 दिवसांचे पैसे मिळतील.

तुम्ही रजा मागितली आणि कामाच्या गडबडीमुळे ती नामंजूर झाली, तर ते दिवस 30 च्या मर्यादेत धरायचे नाहीत. वरच्या उदाहरणात भाताच्या रोपलावणीसाठी मागितलेली 4 दिवसांची रजा नामंजूर झाली असती, तर सगळ्या 33 पीएल पुढे गेल्या असत्या. म्हणून तोंडी विचारून "नको" ऐकून परत फिरू नका. रजेचा फॉर्म भरा. सुपरवायझरने कारण लिहून सही करायची आहे आणि एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. हाच कागद पुढे तुमच्या कामी येईल. जत्रा, लग्न, शेतीचं काम अशी ठरलेली रजा 15 दिवस आधी मागा. आजारपणाला ही अट नाही.

कंत्राटी कामगारांच्या रजेची नोंद ठेकेदाराकडे असते. त्यांनाही हाच हिशोब लागू आहे. ठेकेदार नोंद दाखवत नसेल तर थेट खिडकीवर या.

प्रत्येकाच्या शिल्लक रजेची यादी 15 डिसेंबरला कॅन्टीनच्या फलकावर लागेल. आकडा चुकीचा वाटला तर 24 डिसेंबरपर्यंत जुन्या पगारचिठ्ठ्या घेऊन या, समोर बसून हिशोब करू. 12 डिसेंबरला पहिल्या पाळीनंतर दुपारी 3:15 वाजता कॅन्टीनमध्ये ही सूचना वाचून दाखवली जाईल. युनियनचे प्रतिनिधीही असतील. ज्यांना वाचायला अडचण येते त्यांना सोबत घेऊन या.

मनुष्यबळ विभाग