लघवीची नळी घेऊन घरी जाताना: रुग्णासाठी आणि घरच्यांसाठी माहिती

युरोलॉजी वॉर्ड, कोल्हापूर
रुग्ण: पुरुष, वय 68, तालुका गगनबावडा
नळी: फोली कॅथेटर, 16 नंबर, लॅटेक्स, फुग्यात 10 मिली पाणी
नळी घातली: 5 जून 2025, डिस्चार्ज: 9 जून
युरोबॅग बदलायची: गुरुवार, 12 जून
नळी काढून बघायची: गुरुवार, 19 जून, सकाळी 9 वाजता

प्रोस्टेट वाढल्यामुळे तुमची लघवी तुंबली होती, म्हणून ही नळी घातली आहे. तिचं आतलं टोक मूत्राशयात असून पाण्याने भरलेल्या छोट्या फुग्यामुळे ती जागेवर राहते. बाहेरच्या टोकाला दोन तोंडं आहेत. एकाला युरोबॅग जोडलेली आहे. दुसरं रंगीत झाकणाचं तोंड त्या फुग्याचं आहे. त्याला कोणीही हात लावायचा नाही, त्यात सुई घालायची नाही, ते कापायचं नाही. फुगा भरलेला असताना नळी ओढली तर लघवीचा मार्ग आतून फाटतो आणि भरपूर रक्त जातं.

नळी आणि बॅग यांचा जोड जितक्या कमी वेळा उघडाल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी. अंघोळीला, कपडे बदलताना किंवा गाडीत बसताना सोयीसाठी जोड काढू नका.

रोजची स्वच्छता

नळीला किंवा बॅगेला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने 20 सेकंद हात धुवा. हे काम घरातलं दुसरं कोणी करत असेल तर त्यांनीही.

सकाळी अंघोळीच्या वेळी आणि रात्री झोपण्यापूर्वी अंगाच्या साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने जागा धुवा. पुढची कातडी हलकेच मागे घ्या आणि नळी जिथून बाहेर येते तिथला चिकट पांढरा थर धुऊन काढा. मग एका हाताने नळी अंगाजवळ धरून ठेवा, आणि दुसऱ्या हातातल्या ओल्या फडक्याने अंगाकडून बॅगेकडे चार बोटं लांबीपर्यंत पुसा. उलट दिशेने पुसलं तर घाण आत ढकलली जाते. कोरडं करून कातडी आठवणीने परत पुढे आणा. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकते आणि धावपळ करत दवाखान्यात यावं लागतं.

डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर, हळद, तेल काहीही लावू नका. त्याने कातडी सोलवटते. शौचाला जाऊन आल्यावर ही जागा पुन्हा बघा. तांब्याने अंगावर पाणी घेऊन अंघोळ रोज करा. नदीत, विहिरीत उतरू नका. पेरणीचे दिवस असले तरी 19 तारखेपर्यंत चिखलातली कामं दुसऱ्यावर सोपवा.

नळी मांडीला चिकटपट्टीने बसवलेली असते. पट्टीपासून वरच्या भागात थोडी ढील ठेवा, पाय पसरला तरी ताण पडू नये. रोज पट्टी बदलताना मांडी आलटून पालटून घ्या. सतत एकाच बाजूला ओढ राहिली तर लघवीच्या तोंडाला जखम होते.

बॅग कुठे ठेवायची, कधी रिकामी करायची

बॅग कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. झोपताना खाटेच्या कडेला हुकाने अडकवा. अंथरूण जमिनीवर असेल तर लघवी उतरायला उतारच मिळत नाही, म्हणून या दोन आठवड्यांत खाटेवरच झोपा. एसटीत किंवा रिक्षात बॅग मांडीवर घेऊन बसू नका, पायाजवळ लटकती ठेवा. चालताना ती हातात उंच धरली की बॅगेतली जुनी लघवी मूत्राशयाकडे परत जाते.

बॅग 2 लिटरची आहे. अर्ध्याच्या वर, फार तर 1300 मिलीपर्यंत भरली की रिकामी करा. भरलेली बॅग जड होऊन नळी ओढते. खालची तोटी भांड्याला किंवा फरशीला लागू देऊ नका. तोटी बंद करून स्पिरिटच्या कापसाने पुसा. भांडं फक्त याच कामाचं ठेवा. दिवसभरातलं मोजमाप वहीत लिहा आणि ती वही 19 तारखेला घेऊन या.

12 जूनला बॅग बदलताना

नवी युरोबॅग आणि स्पिरिटचे स्वॅब डिस्चार्जच्या पिशवीत दिले आहेत.

1. जुनी बॅग रिकामी करा. हात धुवा.
2. नवी बॅग फोडा, तिची तोटी बंद आहे का बघा. बंद नसेल तर पहिल्याच मिनिटाला फरशीवर लघवी सांडते. टोकाचं टोपण अजून काढू नका.
3. जोडाच्या वर कॅथेटर दोन बोटांनी चिमटून धरा. चिमटा, पक्कड, दोरा वापरू नका, नळीला चीर पडते.
4. जोड स्वॅबने पुसा आणि जुनी बॅग थोडी पिळत सोडवा. ओढायची ती बॅगेची बाजू, कॅथेटरची नाही.
5. नव्या बॅगेचं टोपण काढून टोक घट्ट बसवा. टोकाला बोट लागू देऊ नका. लागलंच तर नव्या स्वॅबने पुसून वाळू द्या.
6. चिमट सोडा. लघवी उतरताना दिसेपर्यंत तिथून उठू नका.

जुनी बॅग धुऊन पुन्हा वापरायची नाही. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. बॅग गळत असेल, जोड आपोआप निसटला असेल किंवा आत गाठी साठल्या असतील तर 12 तारखेची वाट न बघता बदला.

पाणी, खाणं, गोळ्या

तुम्हाला हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नाही, त्यामुळे दिवसभरात 2 ते अडीच लिटर पाणी प्या. ताकही त्यात धरा. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसं आहे. जेवणाला पथ्य नाही, मात्र पोट साफ राहू द्या. साठलेला मळ बाहेरून नळी दाबतो, आणि नळी चोंदण्याचं हे नेहमी विसरलं जाणारं कारण आहे. भाकरी, पालेभाजी, फळं रोज खा. शौचाला कुंथू नका.

रात्रीची टॅमसुलोसिनची गोळी चुकवू नका. नळी काढल्यावर लघवी मोकळी होण्यासाठी तिचाच आधार आहे. ती घेतल्यावर झटकन उठलं तर चक्कर येते; आधी खाटेच्या कडेला बसा.

नुसता वास आला किंवा लघवी थोडी गढूळ दिसली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. नळी असताना लघवीत जंतू असतातच. ताप किंवा त्रास असेल तरच औषध लागतं.

नळी चोंदली हे कसं ओळखायचं

मधूनमधून लघवीला आल्यासारखं वाटणं, कळ येणं हे फुग्यामुळे होतं. बॅगेत लघवी येत असेल तर घाबरू नका. चोंदल्याची लक्षणं वेगळी: 2 तासांत बॅगेत काहीच भर नाही, ओटीपोट टणक फुगलेलं, कळ वाढत जाणारी, किंवा नळीच्या बाजूने लघवी गळून कपडे ओले. लघवीत रक्ताच्या गाठी किंवा वाळूसारखी कचकच दिसली तर चोंदण्याची सुरुवात समजा. काही जंतूंमुळे लघवी अल्कधर्मी होते, क्षार खाली बसतात आणि नळीचं छिद्र आतून भरत जातं.

आधी हे बघा: नळी मांडीखाली दबली आहे का, पीळ पडला आहे का, बॅग वर राहिली आहे का, पोट साफ झालं होतं का. उभं राहा, थोडं चाला, कूस बदला. अर्ध्या तासात लघवी उतरली नाही तर दवाखाना गाठा. तोपर्यंत आणखी पाणी पिऊ नका, आधीच भरलेलं मूत्राशय अजून ताणतं. नळीत सिरिंजने पाणी मारायचा प्रयोग घरी करू नका.

रात्र असली तरी लगेच या

चोंदलेली नळी मोकळी होत नसेल, ताप 100.4 च्या वर किंवा हुडहुडी; लघवी गडद लाल किंवा गाठींची; अंडकोषाला सूज, दुखणं; बोलणं असंबद्ध होणं; किंवा नळी निसटून बाहेर आली असेल तर थांबू नका. निसटलेली नळी पुन्हा आत घालू नका, पिशवीत घालून सोबत आणा. बॅगेचा रंग जांभळा झाला तर घाईचं कारण नाही, पण दुसऱ्या दिवशी दाखवा. बद्धकोष्ठ आणि जंतू एकत्र असले की असं होतं.

गगनबावड्याकडचा रस्ता पावसात पाण्याखाली जाऊ शकतो. लक्षण दिसलं की सकाळची वाट बघू नका. कोल्हापूरला पोहोचता येत नसेल तर जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, हा कागद दाखवा. नळी तिथेही बदलता येते. वाहन नसेल तर 108 ला फोन करा.