१४३ कोड, तीन थीम: शिक्षक-मुलाखतींचे विश्लेषण

हवेली आणि मुळशी तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांमधील १२ शिक्षकांच्या मुलाखती, प्रत्येकी ४० ते ५५ मिनिटांच्या. प्रतिलेखन बोलले तसेच ठेवले. 'जमंना झालंय'चे 'जमत नाही' केले की त्यातला वैताग निघून जातो आणि उताऱ्याला दिलेले नेमके नाव, म्हणजे कोडही मवाळ पडतो.

कोडांतून थीम, म्हणजे मुलाखतींतले समान सूत्र शोधण्यासाठी ब्राउन आणि क्लार्क यांची २००६ ची सहा टप्प्यांची पद्धत वापरली. टप्पे सरळ रेषेत गेले नाहीत. थीम तपासताना दोनदा मूळ उताऱ्यांकडे परतावे लागले.

पहिल्या फेरीत १४३ कोड निघाले. 'ताण' यासारखे एकशब्दी कोड सर्वांत आधी बाद केले, कारण कुणाचा आणि कशाने हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी 'फोटो वेळेत न गेल्याची धास्ती' असे लिहिले. एकाच अर्थाचे कोड जुळवल्यावर ६१ उरले, त्यांचे ९ गट पडले.

सर्वांत मोठा गट 'अशैक्षणिक कामे': ३८ उतारे. मोठा म्हणून तो थीम ठरला असता, पण ती नुसती टोपली होती. पोषण आहाराचा हिशेब, मतदार यादी, ऑनलाइन माहिती, सगळे एकत्र. शिवाय आमच्या प्रश्नावलीतच 'इतर कामे कोणती?' असा प्रश्न होता, म्हणजे गट बराचसा आम्हीच घडवला होता. उतारे प्रश्नासकट पुन्हा वाचले, न विचारता आलेले वेगळे काढले. ते १४ भरले आणि त्यांत वेळेची तक्रार थोडीच होती. चौथ्या क्रमांकाचे शिक्षक, शि-४ म्हणतात, "फोटो टाकला की शिकवलं. नाही टाकला तर नाही शिकवलं." यावरून कच्चे नाव ठेवले: 'नोंद झाली तरच शिकवलं'.

ते नाव शि-९ पाशी अडले. "नोंदी काढल्या तेव्हा कळलं, ती पोरगी हातच्याच्या वजाबाकीला अडते." म्हणजे राग नोंदीवर नाही. शि-९ ची वही वर्गातच राहते, बाकीच्यांची माहिती केंद्रावर जाते आणि तिचे पुढे काय झाले ते कळत नाही. नाव बदलले.

थीम १: वर गेलेली नोंद वर्गात परतत नाही.

थीम २: इयत्ता कागदावर, वर्ग वेगळाच. द्विशिक्षकी शाळेतले बहुवर्ग अध्यापन आणि वीटभट्टीवरच्या मुलांचे मध्येच येणे-जाणे हे दोन गट इथे मिळाले. दोन्हींत शिक्षक पाठ्यपुस्तकाचा क्रम मोडतात.

थीम ३: अडलं की शेजारच्या शाळेला फोन. प्रशिक्षणाबद्दल विचारले तरी उत्तरे सहकाऱ्यांकडे वळतात. आधार ८ मुलाखतींचा. तरी आकड्यापेक्षा हे वळणे महत्त्वाचे मानले.

बदल्यांविषयीचे ५ कोड कुठेच बसले नाहीत. ते दोनच मुलाखतींतले असून ओढून-ताणून थीम २ मध्ये घातले असते तर तिची धार गेली असती. उताऱ्यांसह परिशिष्टात ठेवले आहेत.